शिरोरेषेला टांगलेलं नाव: मुलांच्या वाढदिवसाच्या एका निमंत्रणाची घडण

माझ्या मैत्रिणीची मुलगी सहा वर्षांची होणार होती. निमंत्रण मैत्रिणीने स्वतःच फोनवर बनवलं होतं आणि पाठवण्याआधी फक्त एक नजर टाक, म्हणून मला दाखवलं. मी अक्षरमांडणीचं काम करते. पण त्या दिवशी मला जे खटकलं, ते आधी पाहुण्याला खटकलं असतं. चित्र गोड होतं, फुगे होते, रंग उडत होते, आणि कार्यक्रम नेमका कधी आहे हे कळायला मला ते दोनदा वाचावं लागलं.

मुलीचं खरं नाव इथे देत नाही. साधारण त्याच बांध्याची अक्षरं असलेलं ‘श्रावणी’ हे नाव उदाहरणापुरतं घेते, कारण या प्रकरणातला निम्मा भाग त्या नावाच्या अक्षरांचाच आहे.

पहिल्या निमंत्रणावर मजकूर असा होता: ‘आमच्या लाडक्या श्रावणीच्या सहाव्या वाढदिवसाच्या आनंदसोहळ्यास आपण सहकुटुंब उपस्थित राहून तिला शुभाशीर्वाद द्यावेत.’ त्याखाली ‘१९/७, सायं. ४.३०, क्लब हाऊस’ आणि शेवटी मोठ्या अक्षरांत ‘नक्की या!’ सगळंच्या सगळं `Modak` या फाँटमध्ये, पिवळसर जमिनीवर नारिंगी रंगात.

`Modak` मला मनापासून आवडतो. ‘एक टाइप’च्या मंडळींनी केलेला हा गुबगुबीत फाँट आहे. त्याची अक्षरं इतकी फुगलेली की आतली पोकळी केसाएवढ्या पांढऱ्या रेघेपुरती उरते. मोठ्या आकारात एकच शब्द लिहिला तर तो खेळण्यासारखा दिसतो. पण ती बारीक रेघ हीच त्या अक्षराची ओळख असते. अक्षर लहान केलं की रेघ बुजते आणि मागे उरतो तो नुसता गोळा. ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ या जोड्यांत फरक शिरोरेषेच्या किंवा गाठीच्या एवढ्याशा जागेचा असतो, आणि जाड अक्षरात सगळ्यात आधी तीच जागा भरते. अंकांचंही तसंच. १ आणि ९ दोन्ही गाठ आणि शेपटीचे. गाठ भरली की कोणती शेपटी कुणाची, हे अंदाजाने ठरवावं लागतं.

दहा सेकंदांची परीक्षा

मी मैत्रिणीला म्हटलं, माझं मत बाजूला ठेव, आपण विचारून पाहू. आम्ही ते चित्र पाच जणांना दाखवलं, सगळे मुलांचे आई-बाबा, आणि कुणालाही आधी काही सांगितलेलं नव्हतं. दाखवलंही पाहुण्यांना जसं दिसणार तसंच, म्हणजे संवादाच्या खिडकीतल्या छोट्या झलकेत, चित्र मोठं न करता. दहा सेकंदांनी फोन परत घेतला आणि चारच प्रश्न विचारले: कधी, किती वाजता, कुठे, आणि आता तुम्ही काय करणार?

तारखेला दोघं अडखळले. एकीने ११ सांगितली. वेळ चौघांनी बरोबर सांगितली, पण त्यातल्या एकाने लगेच विचारलं, ‘संपणार कधी? न्यायला किती वाजता यायचं?’ जागा सगळ्यांना कळली, तरी क्लब हाऊसमध्ये नेमकं कुठे, हे कुणालाच कळलं नाही, कारण ते लिहिलेलंच नव्हतं. चौथ्या प्रश्नाचं उत्तर पाचही जणांनी एकच दिलं: ‘जाणार.’ कळवणार असं एकही जण म्हणाला नाही, कारण कळवा असं त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

ही परीक्षा कुणीही करू शकतं. तिचं एकच पथ्य आहे: ज्याला कार्यक्रमाची आधीपासून माहिती आहे त्याला विचारायचं नाही. घरच्या माणसांना तारीख ठाऊक असते, म्हणून ती त्यांना चित्रातही स्पष्टच दिसते. मैत्रिणीला ती चूक दिसली नव्हती, त्याचं कारण हेच.

दोघींच्या बोलण्यातून आणखी एक गोष्ट समोर आली. तिला फक्त मुलांना बोलवायचं होतं. चौदा मुलं, दोन तास, एक खोली. आणि निमंत्रणात शब्द होता ‘सहकुटुंब’. तो लग्नपत्रिकांच्या सवयीने आपोआप आला होता. त्या एका शब्दाने चौदांचे चाळीस झाले असते, आणि त्यात चूक पाहुण्यांची नसती.

आधी शब्द, मग अक्षरं

म्हणून फाँट बाजूला ठेवून आम्ही कोऱ्या कागदावर मजकूर लिहायला बसलो. माझा अनुभव असा की शब्द पक्के व्हायच्या आधी मांडणी सुरू केली, तर जिथे जागा उरते तिथे माहिती कोंबली जाते आणि जिथे उरत नाही तिथून ती गळते. ‘मागच्या फाटकातून या’ हे वाक्य हमखास असंच गळतं.

तारखेवर सगळ्यात जास्त वेळ गेला. ‘१९/७’ मध्ये तसा घोळ नाही, कारण एकोणिसावा महिना नसतो. पण दिवस बारापर्यंतचा असता, समजा ५/७, तर महिना आधी लिहिणाऱ्या देशातल्या नातेवाइकाने ती ७ मे वाचली असती. महिना अक्षरांत लिहिला की हा प्रश्न मुळातच मिटतो. त्याच्या जोडीला वार हवा. वारामुळे तारीख दुसऱ्यांदा सांगितली जाते: अंक चुकून वाचला तरी ‘शनिवार’ माणसाला सावरून घेतो. ११ जुलै २०२५ शुक्रवारी होती आणि १९ शनिवारी. ‘११’ वाचणारीला वार दिसला असता, तर ती थबकली असती. अट एवढीच की वार आणि तारीख एकमेकांशी जुळलेली हवीत. हे कॅलेंडर उघडून पाहायचं, मनात मोजायचं नाही. आदल्या वर्षीच्या निमंत्रणात तारीख बदलून वार तसाच राहिलेला मी एकदा नव्हे, अनेकदा पाहिला आहे.

वेळेला ‘सायं. ४.३०’ ऐवजी ‘दुपारी ४:३० ते ६:३०’ केलं. साडेचारला काही जण दुपार म्हणतात, काही जण संध्याकाळ, त्याने फार बिघडत नाही. खरी गरज होती ती ‘ते’ची. मुलांच्या कार्यक्रमाची शेवटची वेळ ही पालकांच्या दृष्टीने निम्मी माहिती असते, कारण त्यांचा बाकीचा दिवस तिच्यावर बेतलेला असतो. तिला लागूनच दुसरा प्रश्न येतो, तो म्हणजे थांबायचं की सोडून जायचं. मैत्रीण म्हणाली, ‘थांबले तर चालतील, पण थांबायलाच हवं असं नाही.’ मी म्हटलं, ‘हे वाक्य कार्डावर असं गेलं तर प्रत्येक जण तुला फोन करून विचारेल. एक काहीतरी ठरव.’ तिने ठरवलं: मुलांना सोडून जा, साडेसहाला न्यायला या.

जागेचं नाव सगळ्यांच्या ओळखीचं होतं, तरी त्याखाली एक ओळ घातली: ‘पहिला मजला. मागच्या फाटकातून आत, डावीकडचा जिना.’ हे लिहायला मैत्रीण स्वतः तिथे जाऊन, रस्त्यावरून आत शिरून पाहून आली. आठवणीतून लिहिलेली वाट बहुतेक वेळा घरून निघणाऱ्याची असते, पाहुणा कुठून येणार त्याची नसते.

उत्तराची ओळ मात्र तीनदा लिहावी लागली. ‘येणार असल्यास कळवा’ असं लिहिलं तर न येणारे गप्प बसतात आणि मग त्यांनी निमंत्रण पाहिलंच नाही की त्यांना यायचं नाही, हे समजायला मार्ग राहत नाही. ‘कृपया कळवा’ला मुदत नाही. शेवटी ठरलं: ‘येणार की नाही, ते रविवार, १३ जुलैपर्यंत श्रावणीच्या आईला कळवा.’ यात काय कळवायचं, कधीपर्यंत आणि कुणाला, हे तिन्ही आलं. मुदत कार्यक्रमाच्या सहा दिवस आधीची ठेवली, आणि ती रविवारी, कारण राहिलेली उत्तरं माणसं सुट्टीच्या दिवशीच देतात. निमंत्रण २८ जूनला, बरोबर तीन आठवडे आधी पाठवायचं ठरलं. त्याहून फार आधी पाठवलं की लोक ‘बघू’ म्हणून ठेवून देतात आणि मग विसरतात.

आता कार्डावरचा सगळा मजकूर असा झाला:

> श्रावणी
> सहा वर्षांची होतेय!
> खेळायला येशील ना?
>
> शनिवार, १९ जुलै
> दुपारी ४:३० ते ६:३०
> क्लब हाऊस, पहिला मजला
> मागच्या फाटकातून आत, डावीकडचा जिना
>
> मुलांना सोडून जा, ६:३० ला न्यायला या.
> येणार की नाही, ते रविवार, १३ जुलैपर्यंत श्रावणीच्या आईला कळवा.

‘सहावा वाढदिवस’ मुद्दाम काढला. जन्माचा दिवस पहिला मोजायचा की नाही यावर घरोघरी वाद होतात. ‘सहा वर्षांची होतेय’ यात वादाला जागा नाही. शिवाय वरच्या तीन ओळी आता मुलाशी बोलतात आणि खालच्या त्याच्या आई-बाबांशी. अक्षरं निवडताना मला आधार मिळाला तो याच फरकाचा. वरचा भाग खेळेल, खालचा सरळ उभा राहील.

नाव कसं नाचवायचं

खेळकर अक्षरं म्हटलं की पटकन सुचतं ते असं: एक अक्षर वर, एक खाली, एक कललेलं. ही रोमन अक्षरांची कल्पना आहे. ती अक्षरं खालच्या रेषेवर उभी असतात, म्हणून ती उड्या मारताना शोभतात. आपली अक्षरं उभी नसतातच, ती वरच्या रेषेला लटकलेली असतात. वहीत आपण आधी अक्षर काढतो आणि मग वरून रेघ मारतो, पण डोळा वाचताना रेघ धरूनच पुढे सरकतो. नागरी अक्षरं रोमनसारखी वर-खाली उडवली की शिरोरेषेच्या पायऱ्या होतात, शब्द तुटतो आणि नुकतं वाचायला शिकलेलं मूल अडखळतं. श्रावणीच्या वर्गातली मुलं नेमक्या त्याच टप्प्यावर होती.

म्हणून मी नाव उडवण्याऐवजी झुलवायचं ठरवलं. शिरोरेषा ही दोरी. ती थोडी खाली झोळलेली, आणि अक्षरं तिला दोरीवरच्या कपड्यांसारखी अडकवलेली, वाऱ्याने किंचित हललेली. प्रत्येक अक्षर वरून पकडलेलं, खालून मोकळं. शब्द एकच राहतो आणि तरी हलता दिसतो.

नावासाठी `Modak` सोडून `Baloo 2` घेतला, त्याची सगळ्यात जाड छटा, ८०० वजनाची. तोही ‘एक टाइप’चाच आणि विनामूल्य आहे. गोल आहे, गुबगुबीत आहे, पण पोकळ्या उघड्या आहेत. श्रावणी या नावात ‘श्र’ आहे. त्याच्या डोक्यावरचा वळसा आणि खालची तिरकी रेघ, दोन्ही वेगवेगळी दिसली नाहीत तर ते अक्षर ओळखू येत नाही. `Modak` मध्ये छोट्या झलकेत ते डागासारखं दिसत होतं.

काम `Inkscape` मध्ये केलं. पायऱ्या सांगते, कारण नागरीत इथे चुकायच्या जागा ठरलेल्या आहेत.

नाव टाइप केलं, शुद्धलेखन तपासलं आणि त्याची एक जिवंत प्रत बाजूला लपवून ठेवली. मग दुसऱ्या प्रतीवर `Object to Path` ही आज्ञा दिली. तिने मजकुराच्या आकृत्या होतात, म्हणजे यापुढे नाव टाइप करून बदलता येत नाही. म्हणूनच ती जिवंत प्रत. नंतर गट सोडवला. ‘श्रावणी’चे तुकडे पडतात ते आपण मोजतो तसे तीन पडत नाहीत. ‘श्र’ वेगळा, काना वेगळा, ‘व’ वेगळा, ‘ण’ वेगळा, वेलांटी वेगळी. ते परत अक्षरांनुसार बांधावे लागतात: श्रा, व, णी. हे विसरून तुकडा फिरवला तर काना एकीकडे आणि अक्षर भलतीकडे जातं. काही जण हा त्रास टाळायला नाव टाइप करतानाच एकेक चिन्ह वेगळ्या चौकटीत टाकतात. तिथे एकट्या वेलांटीसोबत ठिपक्यांचं एक वर्तुळ उमटतं. ते वर्तुळ म्हणजे संगणक सांगतोय की या मात्रेला बसायला अक्षरच नाही. छापून आलेल्या कार्डावरही मी ते पाहिलं आहे.

नंतर प्रत्येक अक्षर फिरवलं. फिरवताना आकृती साधारणपणे आपल्या मध्याभोवती फिरते. आपल्याला ती वरून लटकायला हवी, म्हणून फिरण्याचा बिंदू दाखवणारी छोटी फुली ओढून शिरोरेषेवर आणली. `Inkscape` मध्ये आकृतीवर दुसऱ्यांदा क्लिक केलं की ही फुली दिसते. ‘श्रा’ डावीकडे चार अंश, ‘व’ उजवीकडे सहा, ‘णी’ डावीकडे तीन. आधी दहा-बारा अंश करून पाहिले होते. ते मजेदार दिसलं, पण ‘व’चं पोट ‘श्रा’च्या कान्याला टेकलं आणि तिथे एक नवंच अक्षर तयार झाल्यासारखं वाटायला लागलं. सहाच्या पुढे जायचं नाही, हे या नावापुरतं ठरलं. दुसऱ्या नावात ते वेगळं असेल.

अक्षरं फिरली की प्रत्येकाच्या डोक्यावरचा शिरोरेषेचा तुकडाही तिरका होतो. त्यांच्यावरून मी एक सलग वक्र रेघ काढली, मूळ शिरोरेषेपेक्षा जराशी जाड, टोकं गोल. तिरके तुकडे तिच्याखाली झाकले गेले. जे कोपरे बाहेर डोकावत होते ते कापून टाकले. ‘णी’ची वेलांटी रेषेच्या वर जाते, म्हणून नावाच्या वर तेवढी मोकळी जागा आधीच सोडलेली होती. अनुस्वार किंवा रफार असलेल्या नावांनाही ती सोडावी लागते, नाहीतर ऐनवेळी डोक्यावरचे फुगे खाली येऊन टिंबावर बसतात, आणि फुग्यांत अनुस्वार हरवला की नावच बदलतं.

शेवटची गोष्ट बाह्यरेषेची. नावाभोवती पांढरी जाड कड हवी होती. नागरी अक्षरांना सरळ कड दिली की ती प्रत्येक तुकड्याभोवती वेगळी पडते, आणि दोन अक्षरांची शिरोरेषा जिथे जुळते तिथे कडेची आडवी-उभी भेग दिसते. बाजारातल्या कितीतरी फलकांवर ती दिसते. म्हणून आधी दोरीच्या रेघेची `Stroke to Path` ने आकृती केली, अक्षरांचे गट सोडवले, मग दोरी आणि अक्षरं सगळी निवडून `Union` केली, म्हणजे त्यांची एकच आकृती झाली, आणि मग कड दिली. कड निम्मी आत आणि निम्मी बाहेर पडते. आतली निम्मी अक्षराची पोकळी खाते. त्यामुळे भरलेला रंग कडेच्या वर येईल असा क्रम लावला आणि कडेची जाडी दुप्पट केली. बाहेरून हवी तेवढी दिसली, आतून अक्षर जसंच्या तसं राहिलं.

या सगळ्याला दीड तास लागला, आणि तो लागला फक्त तीन अक्षरांवर. बाकीच्या कार्डावर खेळकर फाँट कुठेच वापरला नाही. ‘सहा वर्षांची होतेय!’ आणि ‘खेळायला येशील ना?’ या ओळी `Baloo 2` च्याच मध्यम छटेत, सरळ.

सरळ उभा राहणारा भाग

तारीख, वेळ, जागा आणि उत्तर यांच्यासाठी `Mukta` घेतला. त्यात खेळ काही नाही, आणि इथे तेच हवं होतं. अंक उघडे आहेत, १ आणि ९ दुरूनही वेगळे दिसतात.

चित्राचा आकार १०८० × १३५० बिंदू घेतला. फोनच्या पडद्याएवढं लांबलचक चित्र पूर्ण उघडल्यावर छान दिसतं, पण झलकेत ते अनेकदा वरून-खालून कापलेलं येतं, आणि आपल्या कार्डात वर नाव आणि खाली उत्तराची मुदत होती. चारही बाजूंनी ९० बिंदूंची मोकळी पट्टी सोडली. तारीख ९६ बिंदूंची, वेळ ८०, जागा ६४, बाकीच्या ओळी ५२ आणि सगळ्यात लहान ४६. फोनवर चित्राची रुंदी साधारण ७ सेंटिमीटर भरते. तेव्हा १५ बिंदूंचा एक मिलिमीटर होतो, म्हणजे ४६ चं अक्षर तीन मिलिमीटरचं, आणि त्यात वरच्या-खालच्या मात्रांची जागाही धरलेली. त्याहून खाली जायची माझी तयारी नव्हती. दोन ओळींतलं अंतर अक्षराच्या दीडपट ठेवलं. ‘दुपारी’ या एकाच शब्दात खाली उकार आणि वर वेलांटी आहे. ओळी जवळ आल्या की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो.

अक्षरांमधलं अंतर मात्र हात लावायचंच नाही असं ठरवलं. शब्द ऐसपैस दिसावा म्हणून ते वाढवलं की शिरोरेषेत फटी पडतात आणि ‘शनिवार’चे तुकडे दिसायला लागतात.

रंगाचा प्रश्न मी आकड्याने सोडवला, कारण मैत्रिणीला नारिंगी फार आवडत होता आणि माझ्या ‘वाचता येत नाही’ला तिचं उत्तर ‘मला येतं’ असं होतं. मजकूर आणि जमीन यांच्या उजेडातला फरक मोजता येतो. वेबवरच्या मजकुरासाठी सर्वमान्य निकष लहान अक्षरांना किमान ४.५ : १ आणि मोठ्यांना ३ : १ असा आहे. आमचा नारिंगी `#FF9800` फिक्या पिवळ्या `#FFF4C2` वर जेमतेम २ : १ भरला. त्याच पिवळ्यावर गडद निळा `#1A237E` १२ : १ होतो. नारिंगी आम्ही टाकला नाही. तो पांढऱ्या कडेसकट नावाला दिला आणि नावामागे गडद निळा ढग ठेवला. माहितीच्या सगळ्या ओळी निळ्या, पिवळ्या जमिनीवर.

लाल अक्षरं निळ्या जमिनीवर ठेवायचाही एक विचार झाला होता. तो मी लगेच मोडून काढला. संवादातून पाठवलेलं चित्र दाबून लहान केलं जातं, आणि त्या दाबण्यात उजेडाची माहिती बऱ्यापैकी टिकते, पण रंगाची अर्धवट होते. लाल आणि निळ्याचा उजेड जवळपास सारखा असला की फरक उरतो फक्त रंगाचा, आणि तो कडांवर फासला जातो. आपल्या संगणकावर धारदार दिसणारं अक्षर पाहुण्याच्या फोनवर ओलं झाल्यासारखं दिसतं. म्हणून तपासायची ती मूळ फाइल नाही, स्वतःलाच पाठवून परत आलेलं चित्र.

फोन नंबर आम्ही चित्रात घातलाच नाही, कारण निमंत्रण तिच्याच फोनवरून जाणार होतं. चित्राखालच्या मजकुरात मात्र सगळी माहिती पुन्हा टाइप केली. तिथे नंबर 0 ते 9 या अंकांत लिहिला, पाच-पाचच्या दोन गटांत. नंबर फिरवताना डोळ्यांसमोर हेच अंक असतात. जागेच्या नकाशाचा दुवाही तिथेच, कारण चित्रातल्या दुव्याला बोट लावून काही उघडत नाही.

आजोळच्या मंडळींसाठी दहा कार्डं छापायची होती. ती याच चित्रातून छापली नाहीत. ए६ म्हणजे १०५ × १४८ मिलिमीटरवर मांडणी नव्याने लावली, कापण्यासाठी कडेला ३ मिलिमीटर जास्तीचा रंग सोडला आणि सगळा मजकूर कडेपासून ५ मिलिमीटर आत ठेवला. छापखान्याला पीडीएफ दिली ती सगळ्या अक्षरांच्या आकृत्या करून. त्यांच्या संगणकावर आपला फाँट नसेल, तर जो दुसरा फाँट येईल तो ऱ्हस्व वेलांटी कुठे नेऊन ठेवेल, याचा भरवसा नसतो.

पाठवल्यानंतर

पाठवायच्या आधी दहा सेकंदांची परीक्षा पुन्हा घेतली, नव्या पाच जणांवर. तारीख, वार आणि वेळ पाचही जणांनी बरोबर सांगितली. ‘आता काय करणार?’ला चौघांनी ‘कळवणार’ म्हटलं, आणि पाचव्याने विचारलं, ‘तेरा तारखेपर्यंत ना?’

१३ जुलैच्या रात्रीपर्यंत चौदांपैकी बारा घरांतून उत्तर आलं, त्यात तीन नकार. नकार वेळेत आले याचं मैत्रिणीला सगळ्यात जास्त अप्रूप वाटलं. उरलेल्या दोन घरांना तिने सोमवारी फोन केला. त्यातल्या एका घरी चित्र पुढे पाठवताना खालचा मजकूर गळला होता: बाबांनी ते आईला पाठवलं, आईकडे फक्त चित्र पोहोचलं. तारीख, वेळ आणि जागा चित्रातच होती, म्हणून तेवढ्याने भागलं. पण ‘श्रावणीच्या आईला कळवा’ असं लिहिलेलं, आणि त्या आईकडे श्रावणीच्या आईचा नंबरच नव्हता. तो मी चित्रातही ठेवायला हवा होता. छापील कार्डं तोवर गेली होती आणि त्यांवर नंबर होता. चुकलं ते फक्त फोनवरच्या चित्रात.

दुसरी उणीव उत्तराच्या ओळीतच राहिली. दोन घरांनी ‘हो, येतोय’ असं कळवलं आणि धाकट्या भावंडांनाही घेऊन आले. ‘सहकुटुंब’ काढलं, पण कोण यायचं हे कुठेही सरळ लिहिलेलं नव्हतं. ‘खेळायला येशील ना?’ या एकवचनातून ते समजेल, असं मी धरून चालले होते. एका घराने कार्यक्रमाच्या दारात ॲलर्जीबद्दल सांगितलं, तेही आधी विचारायला हवं होतं.

त्या ओळी मी आता अशा लिहिते, आणि फोनवरच्या चित्रात त्यांना ५२ बिंदूंची जागा आधीच राखून ठेवते:

> निमंत्रण तुमच्या मुलासाठी / मुलीसाठी आहे. धाकट्या भावंडाला आणायचं असेल तर आधी सांगा.
> येणार की नाही, आणि खाण्याची काही ॲलर्जी असेल तर तीही, रविवार, १३ जुलैपर्यंत कळवा.
> श्रावणीची आई: (फोन नंबर)

‘मुलासाठी / मुलीसाठी’ मधली तिरकी रेघ मला अजून टोचते. नावं मोजकी असतील तर प्रत्येक चित्रात पाहुण्या मुलाचं नाव घालून ती टाळता येते. चौदा नावं घालायला वीसेक मिनिटं लागतात, आणि मग कोणाला बोलावलं आहे हे वेगळं सांगावं लागत नाही.